माथेरानचं आमंत्रण कन्नडमध्ये नेताना

मजकूर एवढाच होता:

‘काय रे, आहेस कुठे? पत्ताच नाही! ऐक, परवा शनिवारी आम्ही माथेरानला चाललोय, तूही चल. रात्री तिथेच राहू, रविवारी संध्याकाळी परत. सकाळी पावणेसहाला दादरला भेटू, कर्जत लोकलने नेरळ, तिथून टॅक्सी. आई थालीपीठं करून देणार आहे, तू फक्त पाण्याची बाटली आणि छत्री आण. खर्च फार नाही, होईल तो वाटून घेऊ. घरात बसून बसून काय करणार आहेस? उगाच भाव खाऊ नकोस, ये गपचूप. मजा येईल!’

खाली सूचना: कन्नड, मित्राला, अनौपचारिक.

मी मराठी-कन्नड अनुवादाची कामं करते. आजोळ अक्कलकोट तालुक्यातलं, तिथे बाजारात आणि ओसरीवर कन्नड कानावर पडायचंच. लिहायला मात्र मी मोठेपणी, मुंबईत आल्यावर शिकले. करारपत्रं, औषधांच्या पुड्यांवरचा मजकूर, बँकेची पत्रकं असलं काही आलं की मान खाली घालून काम करत जायचं. त्यात सगळे शब्द संस्कृतातून आलेले, दोन्ही भाषांना सामाईक. असा मित्राचा निरोप आला की मात्र मी आधी चहा टाकते, कारण याला वेळ लागणार हे ठाऊक असतं.

(वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथे कन्नड मी देवनागरीत लिहिते आहे. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्याने अर्थ बदलतो. ‘कोडु’मधला ओ आखूड म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. आपल्या देवनागरीत हा फरक दिसत नाही, तेवढा चालवून घ्या.)

पहिला प्रश्न शब्दांचा नव्हताच. हा निरोप पाठवणारा कन्नडमध्ये कुठला समजायचा, हे आधी ठरवायचं होतं. मराठीत ‘काय रे, आहेस कुठे’ म्हणणारा मुलगा मुंबईचा, पुण्याचा किंवा नाशिकचाही असू शकतो, कुणाला खटकत नाही. कन्नडमध्ये पहिल्या दोन शब्दांत गाव कळतं.

मुंबईतच राहून लिहायचं तर सगळ्यात जवळचा आवाज उडपी हॉटेलाच्या गल्ल्यावरचा. पण मुंबईतली बरीच कन्नड माणसं उडुपी-मंगळुरू पट्ट्यातली, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात तुळू, आणि कन्नड शाळेतून आलेलं. त्यामुळे त्यांचं कन्नड थोडं पुस्तकी आणि त्यावर किनारपट्टीचा ठसा. मित्राला हाक मारायची तर ‘माराया’. ‘एंत माराया’ म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच मंगळुरू दिसतं. दुसरा आवाज माझ्या आजोळचा, म्हणजे उत्तर कर्नाटकाचा. हुबळी-धारवाड, विजापूर, कलबुर्गी. तिथे मित्राला ‘दोस्त’ म्हणतात, ‘ये रे’ला ‘बारले’ म्हणतात, सकाळला ‘मुंजाने’ आणि रविवारला चक्क ‘ऐतवार’. आपल्या आज्या म्हणायच्या तो आइतवारच. मला हे कन्नड सगळ्यात आपलं वाटतं, आणि मराठीतून तिकडे जाणं सोपंही पडतं. तिसरा आवाज बेंगळुरू-मैसूरचा, जो टीव्हीवर आणि सिनेमात चालतो, त्यामुळे राज्यभर समजतो.

काम देणाऱ्यांना विचारलं, वाचणार कोण? उत्तर आलं, कर्नाटकात कुठलाही, वय वीस ते तीस. मग बेंगळुरू-मैसूरला पर्याय नव्हता. धारवाडी ‘ले’ तिकडच्या मित्रांत प्रेमाचं असतं, पण मैसूरकडच्या माणसाला अनोळखी नंबरवरून ‘बारले’ असा निरोप आला तर त्याला वाटेल कुणीतरी भांडायला बोलावतंय.

पहिला खर्डा मी नेहमी मुद्दाम पुस्तकी करते. सगळा अर्थ उतरला की नाही हे त्यात स्वच्छ दिसतं, आणि मग तो मोडायचा. शनिवारचं वाक्य तिथे असं आलं: ‘नाडिद्दु शनिवार नावु माथेरानिगे होगुत्तिद्देवे. नीनू नम्म जोतेगे बा.’ व्याकरणाला काही म्हणायला जागा नाही. ‘परवा शनिवारी आम्ही माथेरानास जात आहोत, तूही आमच्याबरोबर ये’ असं मराठीत कुणी मित्राला लिहिलं तर मित्र आधी विचारेल, घरी सगळं ठीक आहे ना?

मराठीतही लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा वेगळी आहे, पण ‘जात आहोत’पासून ‘चाललोय’पर्यंतची वाट फार लांबची नाही. कन्नडमध्ये ती चांगली लांब आहे. पुस्तकातलं ‘होगुत्तिद्देवे’ तोंडात ‘होग्तिद्दीवि’ होतं. ‘बरुत्तीया’चं ‘बर्तीया’, ‘माडुत्तीया’चं ‘माडतीया’, ‘मनेयल्लि’चं ‘मनेलि’. मधले स्वर गळतात आणि शेवटाचा आकारच बदलतो. अनौपचारिक करायचं म्हणजे ‘तुम्ही’चं ‘तू’ करायचं, एवढंच समजून बरेच जण थांबतात. ‘नीवु’ काढून ‘नीनु’ घातलं, क्रियापदाचा शेवट बदलला, झालं काम. तसा अनुवाद ओळखायला सोपा असतो. त्यात ‘तू’ असतो, पण ‘तू’ म्हणणारा माणूस शाळेच्या बाकावरून उठून धडा वाचत असतो.

या गळालेल्या रूपांची अडचण अशी की त्यांना ठरलेलं लेखन नाही. ‘होग्तिद्दीवि’ कुणी असं लिहितो, कुणी ‘होग्ता इद्दीवि’ असं तोडून लिहितो, कुणी जोडाक्षर टाळतो. शब्दकोशात यातलं काहीच सापडत नाही. त्यामुळे तपासणारा जर नियमांचा पक्का असेल तर तो प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारतो, ‘शुद्धलेखन’ असं लिहितो आणि सगळं परत पुस्तकी करून ठेवतो. यावर माझा उपाय एकच. कामाबरोबर आधीच एक छोटी टीप जोडायची: बोलीरूपं मुद्दाम ठेवली आहेत, आणि एक रूप एकदा धरलं की शेवटपर्यंत तेच आहे. एका वाक्यात ‘होग्तिद्दीवि’ आणि पुढच्यात ‘माडुत्तेवे’ असं झालं तर तपासणाऱ्याचं म्हणणं बरोबरच ठरतं.

आता ‘काय रे’. मराठीतलं ‘रे’ आणि ‘गं’ यांना कन्नडमध्ये जवळचे भाऊबंद आहेत. मित्राला ‘एनो’, मैत्रिणीला ‘एने’. ‘ये रे’ला ‘बारो’, ‘ये गं’ला ‘बारे’. आणि वाक्याच्या शेवटी आग्रहाचा टेकू म्हणून ‘कणो’ किंवा ‘कणे’, आपण ‘मजा येईल रे’ म्हणतो तसं. म्हणजे ज्याला निरोप जातोय तो पुरुष की बाई हे आधी कळायलाच हवं. ‘मित्राला’ एवढी सूचना कधी कधी मैत्रिणीसाठीही दिलेली असते, म्हणून मी विचारून घेते. इथे मराठीतच ‘रे’ होतं, प्रश्न मिटला.

हे टेकू किती घालायचे याचं माप मात्र वेगळं आहे. मराठी मजकुरात ‘रे’ एकदाच होतं, पुढे सगळं क्रियापदांवर निभावलं. कन्नडमध्ये एकदाच ‘एनो’ म्हणून पुढे कोरडं गेलं तर मध्येच राग आल्यासारखं वाटतं. म्हणून ‘एनो’, मधे ‘बारो’ आणि शेवटी ‘कणो’, असे तीन ठेवले. चौथा घातला की लाडीगोडी होते. शिवाय बेंगळुरूची पोरं ‘मगा’ लावतात. मगा म्हणजे मुलगा, पण मित्रांत त्याचा अर्थ आपल्या ‘भावा’सारखा. तो एक घेतला.

‘आहेस कुठे, पत्ताच नाही’ याला मी ‘एल्लिद्दीया’ असं सरळ विचारणार होते. माटुंग्याला आमच्या इमारतीत एक काकू राहतात, मूळच्या मैसूरच्या. कच्चा खर्डा झाला की मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवते. त्या चष्मा लावत नाहीत, वाचत नाहीत, नुसतं ऐकतात. मला तेच हवं असतं. त्या म्हणाल्या, ‘एल्लिद्दीया म्हणजे तू आत्ता कुठे उभा आहेस. रिक्षावाल्याला फोनवर विचारतात तसं. खूप दिवस दिसला नाही त्याला म्हणतात, आळे पत्ते इल्ल.’ आळु म्हणजे माणूस, पत्ते म्हणजे आपलाच पत्ता, थांग या अर्थाने. ‘माणसाचाच पत्ता नाही.’ मराठी वाक्य जसंच्या तसं समोर उभं राहिलं.

‘भेटू’मध्ये मात्र उलटं झालं. कन्नडमध्ये ‘भेटि’ हा शब्द आहे, ‘भेटियागोण’ म्हणजे भेटू या. मराठी माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. पण भेटि मंत्र्याची होते, देवस्थानाला दिलेली असते, बातमीत असते. मित्र मित्राला ‘सिगोणा’ म्हणतो. सिगु म्हणजे सापडणं, मिळणं. दादरला सकाळी एकमेकांना सापडू या! पहाटेच्या दादरला ते जरा जास्तच खरं आहे. सामाईक शब्दांचा हा धोका सगळीकडे आहे. ‘प्रवास’ कन्नडमध्येही आहे, पण शाळेच्या सहलीचा आणि पर्यटन खात्याचा. पोरं ‘ट्रिप्’च म्हणतात. ओळखीचा शब्द समोर आला की मी आता दोनदा बघते. अर्थ तोच असतो, बसायची जागा बदललेली असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारीख आणि घड्याळात. मित्राच्या गप्पांमध्ये एखादा शब्द जरा इकडेतिकडे झाला तर चालतं, पण वेळ चुकली तर तो मित्र दादरच्या पुलावर एकटा उभा राहील.

‘परवा’ हा मराठीचा गमतीचा शब्द. गेलेला दिवसही तोच आणि येणाराही तोच, क्रियापदावरून समजून घ्यायचं. कन्नडमध्ये दोन स्वतंत्र शब्द आहेत. गेलेला परवा ‘मोन्ने’, येणारा ‘नाडिद्दु’. म्हणजे मराठीत न ठरवता चालतं ते कन्नडमध्ये ठरवावंच लागतं. इथे ‘चाललोय’ असल्यामुळे ‘नाडिद्दु’ हे उघड आहे. पण हाच निरोप तुकड्या-तुकड्याने आला असता, नुसता ‘परवाचं काय?’ एवढाच, तर मी विचारल्याशिवाय हात लावला नसता. मागच्या सहलीचं काय झालं असंही ते असू शकतं.

रविवारला ‘भानुवार’. उत्तर कर्नाटकात रविवारही चालतो, ऐतवारही, पण आपण दक्षिणेचा आवाज धरलाय, तर भानुवारच. बाकीचे वार आपल्यासारखेच, म्हणून हा एक डोळ्याखालून सटकतो.

आणि पावणेसहा. कन्नडमध्येही पाव, अर्धा, पाऊण यांनी वेळ सांगतात, म्हणून मराठी माणसाला वाटतं आपलं इथे सगळं जमणार. सव्वासहाला ‘आरू कालु’, म्हणजे सहा आणि पाव. साडेसहाला ‘आरूवरे’, सहा आणि अर्धा. आरु म्हणजे सहा. दोन्हीकडे सहाच, सरळ हिशेब. पावणेसहाला मात्र मराठी पुढच्या तासावर उभी राहून मागे बघते, पाऊण तास कमी असलेले सहा नव्हे, पाव कमी असलेले सहा. कन्नड मागच्या तासावर उभी राहून पुढे मोजते: ‘ऐदू मुक्कालु’, पाच आणि पाऊण. ऐदु म्हणजे पाच, मुक्कालु म्हणजे तीन पाव. सव्वा आणि साडेच्या सवयीने हात जर सहावरच राहिला तर ‘आरू मुक्कालु’ लिहिलं जातं, आणि ते पावणेसात. एक तासाचा फरक, आणि वाक्य वाचताना कुठे खटकत नाही, कारण पावणेसात ही काही अशक्य वेळ नाही.

म्हणून वेळ तपासायची माझी पद्धत ठरलेली आहे. कन्नड वाक्यावरून घड्याळाचे काटे कागदावर काढायचे आणि ते चित्र मराठी मजकुराशी ताडायचं. शब्द शब्दाशी ताडले तर मुक्कालुमधली पाऊण आणि पावणेमधला पाव एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि सगळं बरोबर वाटायला लागतं. आकड्यात 5:45 लिहून मोकळं होता आलं असतं, पण मराठीत अक्षरी होतं आणि बोलण्याचा सूर टिकवायचा होता. ‘ऐदु गंटे नलवत्तैदु निमिषक्के’ असं शुद्ध लिहिलं तर ती फलाटावरची घोषणा झाली असती. ‘बेळिग्गे ऐदू मुक्कालिगे’ ठेवलं.

‘आम्ही चाललोय, तूही चल’ आणि पुढे ‘वाटून घेऊ’ यात एक बारीक गोष्ट आहे. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. या निरोपाची सगळी चाल त्यावर आहे: आधी बाहेर ठेवायचं, मग ‘तूही चल’ म्हणून आत ओढायचं, आणि खर्चाच्या वेळी तो आतलाच धरायचा. आजच्या कन्नडमध्ये दोन्हीला ‘नावु’ एकच. त्यामुळे आत ओढण्याचं काम दुसऱ्या शब्दांवर टाकावं लागतं. ‘नीनू’मधला लांबवलेला ऊ म्हणजे ‘तू-ही’, तो ऱ्हस्व झाला तर आमंत्रणातली अर्धी ओढ गेली. आणि ‘-ओणा’ हा शेवट, सिगोणामधला, तो मुळातच ‘चला, आपण मिळून’ असा आहे. खर्चाच्या वाक्यात तो घातला की ‘आपण’ वेगळं लिहावं लागत नाही. ‘नावु’ हा शब्दच मग मी सगळीकडून काढून टाकला. क्रियापदात तो आहेच, आणि गप्पांत कन्नड माणूसही तो गाळतो.

आईचं वाक्य सोपं वाटलं होतं. ‘नन्न अम्म’ म्हणजे माझी आई. काकूंनी कढईतून मान वर न करता सांगितलं, ‘नम्मम्म.’ आमची आई. एकुलता एक असला तरी तो ‘नम्मम्म’च म्हणतो. ‘नन्न’ म्हटलं तर आईची वाटणी झाल्यासारखं वाटतं. मग दुसरा प्रश्न आला. आपण आईला अगं-तुगं करतो, ‘आई देणार आहे’. कन्नडमध्ये ‘कोडताळे’ म्हणावं की आदराचं ‘कोडतारे’? दोन्ही ऐकू येतं. घरात, आईशी जवळीक सांगताना ‘-ताळे’, बाहेरच्याशी बोलताना बरेच जण ‘-तारे’. मित्राशी बोलतोय, पण लेखी निरोप आहे आणि वाचणारे अनेक घरांतले. ‘-तारे’ने कुणाचं काही बिघडत नाही, ‘-ताळे’ एखाद्याला टोचेल. ‘-तारे’ घेतलं. थालीपीठाला उत्तर कर्नाटकात ‘तालिपट्टु’ म्हणतातच आणि दक्षिणेतही तो शब्द कळतो. अक्की रोट्टी करून टाका असं काकूंनी सुचवलं होतं, पण निरोप दादरवरून निघतोय, डब्यात थालीपीठच हवं.

छत्रीवर काकूंचा भाचा हसला. तो बेंगळुरूला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. कन्नडमध्ये छत्री म्हणजे छत्रीच, ‘कोडे’ हाही शब्द आहे. पण पोरांच्या भाषेत छत्री म्हणजे बेरकी, लबाड माणूस. ‘छत्री आण म्हटलं ना, तर तो लिहिणार, छत्री नीने, तूच की!’ मी विचारलं, मग कोडे घालू? तो म्हणाला, ‘नको ना मावशी, अशी आयती संधी दिली की उत्तर लगेच येतं.’ पटलं. अर्थ संदर्भात पक्का आहे, गैरसमज व्हायला वाव नाही, आणि मित्राला खोडी काढायला जागा मिळते.

त्याच भाच्याने ‘भाव खाऊ नकोस’ही सोडवलं. मी ‘नेप हेळबेड’ लिहिलं होतं, सबबी सांगू नकोस. अर्थाला जवळ, पण भाव खाण्यात जी ऐट आहे ती त्यात नाही. भाव खाणारा सबब सांगतोच असं नाही, तो नुसता ‘बघू’ म्हणतो. भाचा म्हणाला, ‘बिल्डप् कोडबेड.’ बिल्डअप देऊ नकोस. इंग्रजी शब्दच, पण बेंगळुरूने तो आपल्या अर्थाने पाळलाय: स्वतःची हवा करणं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. वीस ते तीसच्या वाचकाला हे चालेल, चाळिशीच्या पुढे नक्की नाही, म्हणून तपासणाऱ्यासाठी कडेला ‘नेप हेळबेड’ हा पर्याय लिहून ठेवला.

‘उगाच’ आणि ‘गपचूप’ या दोघांना कन्नडमध्ये एकच शब्द पुरतो, ‘सुम्ने’. उगाच, सहज, फुकट, गप्प, सगळं सुम्ने. पण एकाच ओळीत दोनदा सुम्ने आलं तर बोबडं वाटतं. पहिला ठेवला, आणि ‘ये गपचूप’मधला दटावणीचा भाग ‘बंदबिडु’वर टाकला. ‘बिडु’ म्हणजे सोडणं, पण दुसऱ्या क्रियापदाला चिकटलं की आपल्या ‘करून टाक’मधल्या ‘टाक’सारखं काम करतं. बंदबिडु, येऊनच टाक. विषय संपला, आता बोलू नकोस, असा सूर त्यात आपोआप येतो.

‘मजा येईल’ला ‘मजा बरुत्ते’ म्हणता येतं, पण भाच्याच्या तोंडी ‘मजा इरुत्ते’ आलं, मजा असेल. आणि त्याआधी ‘सकत्’. हा आपला सख्त, मराठीत शिस्तीचा आणि ताकिदीचा. कन्नड पोरांकडे गेला आणि ‘भारी’ होऊन बसला.

शेवटी मोठ्याने वाचून जमलेला मजकूर असा:

‘एनो मगा, आळे पत्ते इल्ल? केळु, नाडिद्दु शनिवार माथेरान्‌गे होग्तिद्दीवि, नीनू बारो. रात्रि अल्ले उळ्कोंडु भानुवार संजे वापस्. बेळिग्गे ऐदू मुक्कालिगे दादर्‌नल्लि सिगोणा, कर्जत् लोकल् हत्कोंडु नेरळ्, अल्लिंद टॅक्सि. नम्मम्म तालिपट्टु माडि कोडतारे, नीनु नीरिन बाट्लु, छत्री तंद्रे साकु. खर्चु जास्ति आगल्ल, आगिद्दु शेर् माडकोळोणा. मनेलि कूतु कूतु एन् माडतीया? सुम्ने बिल्डप् कोडबेड, बंदबिडु. सकत् मजा इरुत्ते कणो!’

पाठवायच्या आधी एक राहिलं होतं, नेरळ. कन्नडमध्ये ‘नेरळु’ म्हणजे सावली आणि ‘नेरळे’ म्हणजे जांभूळ. गावाचं नाव ठाऊक नसलेला तपासनीस ‘नेरळ्’ला शुद्धलेखनाची चूक समजून शेवटचा स्वर जोडून देईल, आणि मित्र कर्जत लोकलने सावलीत उतरेल. म्हणून टिपेत लिहिलं: दादर, कर्जत, नेरळ, माथेरान ही गावांची नावं आहेत, बदलू नयेत. टॅक्सीबद्दलही एक ओळ घातली की ती दस्तुरीपर्यंतच जाते, पुढे माथेरानात गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे ‘अल्लिंद टॅक्सि’च्या पुढे कुणी ‘हॉटेलपर्यंत’ असं भरू नये.

तपासून परत आलं तेव्हा गावं शाबूत होती. ‘होग्तिद्दीवि’खाली रेघ होती, पण टीप वाचून तपासणाऱ्याने स्वतःच ती खोडली होती. ‘बिल्डप्’ला प्रश्नचिन्ह होतं आणि शेजारी विचारलं होतं, ‘वय वीस ते तीस नक्की ना?’ मी ‘हो’ म्हणून कळवलं. आणि खाली नवी सूचना होती: हाच निरोप आता मैत्रिणीला, आणि एक प्रत धारवाडकडच्या कन्नडमध्ये. मैत्रिणीची प्रत तिथल्या तिथे झाली: एने, बारे, कणे, आणि मगा काढून टाकला. धारवाडीसाठी अक्कलकोटला मावशीला फोन लावला. ती म्हणाली, ‘आधी सांग, थालीपीठाबरोबर शेंगाचटणी आहे की नाही?’